भावाची ओलान्झापिनची गोळी, पाच महिन्यांत वाढलेले तेरा किलो आणि कुणी न तपासलेली साखर

अबोली | ९ मार्च

नमस्कार. फोंड्याहून लिहितेय. इथे मानसिक आजारांवर बरेच जण मोकळेपणाने बोलतात, म्हणून धीर करून धागा काढतेय.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा. गेल्या ऑक्टोबरात त्याला पहिल्यांदा त्रास झाला. शेजारचे आपल्याबद्दल बोलतात, मोबाइलमधून आपल्यावर नजर ठेवतात असं त्याला वाटायचं. रात्र रात्र जागा असायचा, आवाज ऐकू येतात म्हणायचा. ओलान्झापिन सुरू झालं, आता रात्री १५ मिलिग्राम चालू आहे. गोळीने तो खरंच सावरला. झोपतो, आमच्याशी बोलतो, फेब्रुवारीपासून कुंडईच्या कारखान्यात परत कामाला जातो. त्यामुळे गोळीबद्दल माझी तक्रार आहे असं कृपा करून समजू नका.

पण सप्टेंबरात कारखान्याच्या मेडिकलमध्ये त्याचं वजन ५८ भरलं होतं. काल फार्मसीच्या काट्यावर ७१. उंची १६८ सेंटिमीटर. रात्री दीड-दोनला उठतो आणि दुपारचं उरलेलं शीत पातेल्यातच कालवून खातो. एकदा मी दिवा लावला तर दचकला, हातातला घास तसाच राहिला. तोंड सुकतं म्हणून दिवसातून दोन-तीन बाटल्या कोल्ड्रिंक होतात. बाबा म्हणतात, "अंग भरलं, बरं झालं." आईला स्वतःला डायबेटिस आहे, ती गप्प बसून बघत असते.

ओपीडीत दर महिन्याला जातो. झोप लागते का, आवाज येतात का, एवढं विचारून तोच कागद पुन्हा लिहून मिळतो. गर्दी एवढी असते की डॉक्टरांना दोष द्यायला जीव होत नाही. पण खोलीत कोपऱ्यात वजनकाटा आहे आणि त्यावर फायलींचा गठ्ठा ठेवलेला आहे. पाच महिन्यांत त्यावर कुणी माझ्या भावाला उभं केलं नाही.

मला विचारायचंय ते हे, की हे वजन गोळीमुळे आहे की त्याच्या आळसामुळे? गोळी बंद करायला सांगावी का? आणि तपासायचं तर नेमकं काय?

रानवारा | ९ मार्च

अबोलीताई, गोळीत काही चरबी नसते. ती फक्त भूक वाढवते. खाल्लं तरच वजन वाढणार ना? घरात कोल्ड्रिंक आणू नका, रात्रीचं शीत उरवू नका, संध्याकाळी त्याला तासभर चालायला न्या. माझ्या मामेभावाने असंच आठ किलो उतरवलं. साखरेचं म्हणाल तर एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची चाचणी वर्षातून एकदा केली की पुरे, त्यात सगळं कळतं.

माडाखाली | ९ मार्च

साइड इफेक्ट विचारलात म्हणून आमचा अनुभव सांगतो. माझ्या मोठ्या भावाला पूर्वी हालोपेरिडॉल चालू होतं. मान ताठ, हात थरथरायचे, चालताना पावलं घासत जायची, तोंडातून लाळ. घाबरून गेलो होतो. मग डॉक्टरांनी डोस कमी केला, जोडीला ट्रायहेक्सीफेनिडिल दिलं आणि आठवड्यात फरक पडला. तुमच्या भावाला कंप किंवा ताठरपणा आहे का? नसेल तर मोठा साइड इफेक्ट नाही समजा. वजन म्हणजे तब्येत सुधारल्याचं लक्षण.

निशिगंध | १० मार्च

अबोली, मी सत्तावीस वर्षं मानसोपचार वॉर्डात नर्स होते, आता निवृत्त आहे. आधी एकच गोष्ट: गोळी स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. बाकी सगळं निवांत बोलता येईल.

माडाखाली, तुमच्या भावाला झालं ते खरंच, आणि ते डोळ्यांना दिसलं म्हणून त्यावर उपाय झाला. जुन्या औषधांमध्ये, हालोपेरिडॉलसारख्या, थरथर आणि ताठरपणा जास्त. नंतर आलेल्या औषधांमध्ये तो कमी झाला, आणि त्यातल्या काहींनी वजन व साखरेचा त्रास आणला. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही दोन त्यात सगळ्यांत पुढे. पण साखर वाढताना हात थरथरत नाहीत. माणूस शांत झोपलेला असतो, घरचे खुश असतात आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. म्हणून "कंप नाही म्हणजे काही नाही" हा हिशोब इथे लागू पडत नाही.

रानवारा, भूक वाढते हे तुमचं अगदी बरोबर. पण ती साधी भूक नसते. मेंदूत पोट भरल्याची खबर जिथे पोचते तिथेच ही गोळी आड येते. माणसाने दोन ताटं जेवली तरी ती खबर पोचत नाही. आणि दुसरं म्हणजे, ओलान्झापिनने इन्सुलिनचं कामही बिघडू शकतं, ते सगळं वजनामार्गेच होतं असं नाही. वजन फारसं न वाढताही साखर चढलेले रुग्ण मी पाहिलेत. तेव्हा कोल्ड्रिंक बंद करा, नक्की करा, पण त्यावर भिस्त ठेवून तपासणी टाळू नका. तोंड सुकतं तेही गोळीमुळेच. बाटली काढून घ्याल तर तिच्या जागी काहीतरी ठेवावं लागेल. साधं पाणी घोट घोट, बिनसाखरेचं लिंबूपाणी, चघळायला बडीशेप.

आता तपासणी. खरं तर ती पहिली गोळी देण्याआधी व्हायला हवी होती. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड, आणि घरात कुणाला डायबेटिस आहे का हा एक प्रश्न. २००४ साली अमेरिकेतल्या मधुमेहाच्या आणि मानसोपचाराच्या संघटनांनी एकत्र बसून हे वेळापत्रक लिहिलं: वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी, साखर बाराव्या आठवड्याला आणि मग वर्षाला. मी घरच्यांना सांगायचे की पहिले सहा आठवडे तर दर आठवड्याला काट्यावर उभं करा. ज्याचं वजन पहिल्या महिन्यातच झपाट्याने चढतं त्याचं पुढेही चढत राहण्याची भीती जास्त.

तुमच्या भावाचाच हिशोब मांडून बघा. ५८ चे पाच टक्के म्हणजे साधारण तीन किलो. म्हणजे ज्या दिवशी काटा ६१ ला गेला तोच बोलायचा दिवस होता. माझ्या अंदाजाने तो दिवस नोव्हेंबरातच येऊन गेला असणार. तेव्हा तीन किलोंचा प्रश्न होता, आज तेराचा आहे. तीन किलो थांबवणं आणि तेरा उतरवणं यात फार फरक आहे, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलं.

सांजवेळ | १० मार्च

मी घरचा नाही, गोळी घेणाराच आहे. आठ वर्षं झाली. त्या बाजूने कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

ती भूक कशी असते ते सांगतो. पोट भरलंय हे कळतं. पोट दुखतंय हेही कळतं. पण थांबायचं कुठे हे कळत नाही. पावाची टोपली समोर असली की ती रिकामी होईपर्यंत दुसरा विचार डोक्यात येत नसे. आणि गोळी घेतल्यावर तासाभरात ती भूक सगळ्यांत जोरात येते, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी. तुमच्या भावाला आळशी म्हणू नका, ताई. दिवा लावल्यावर तो दचकला, कारण त्याला लाज वाटते. मलाही वाटायची. सकाळी आई पातेलं घासायला घ्यायची तेव्हा मी अंघोळीला निघून जायचो.

माझं १६ किलो वाढलं. चतुर्थीला सगळे नातेवाईक जमले की माझ्या पोटावर बोलायचे. दुसऱ्या वर्षी मी कुणाला न सांगता गोळी बंद केली. पहिले काही दिवस छान वाटलं, भूकही गेली. सहा आठवड्यांनी मी रात्री दोन वाजता मांडवीच्या पुलाकडे चालत निघालो होतो, कुणीतरी बोलावतंय म्हणून. नशीब, रिक्षावाल्याने अडवलं. मग महिनाभर भरती. नंतर पुन्हा तीच गोळी सुरू झाली आणि ती पूर्वीएवढी लागू पडायला फार वेळ गेला.

त्या आधी मला कुणी एकदा तरी "वजनाचा त्रास होतोय का, त्यावर काही करता येईल" असं विचारलं असतं, तर मी ती लपवून बंद केली नसती. वजन मोजणं म्हणजे नुसती साखरेची तपासणी नाही. माणूस गोळी सोडायच्या बेतात आहे का, तेही त्यातून कळतं.

आणि एक विनंती. हे सगळं त्याच्याशी बोला. त्याच्याबद्दल डॉक्टरांशी परस्पर नको.

अबोली | ११ मार्च

सांजवेळ दादा, तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि मग त्यालाही वाचायला दिलं. त्याने काही न बोलता फोन परत दिला. रात्री जेवताना म्हणाला, "रविवारी चाचणीला जाऊया." एवढंच.

रानवारा | ११ मार्च

मी आळसाबद्दल काही बोललो नव्हतो, पण वाचून वाटलं की माझ्या बोलण्याचा रोख तसाच होता. मामेभावाला कुठली गोळी होती ते काल विचारलं. आरिपिप्राझोल. म्हणजे तुलनाच चुकीची होती बहुतेक.

निशिगंध | ११ मार्च

हो, आरिपिप्राझोलने वजन सहसा बरंच कमी वाढतं. पण त्यात काहींना आत अशी बेचैनी होते की एका जागी बसवत नाही. फुकट काहीच मिळत नाही.

अबोली | १६ मार्च

रविवारी सकाळी उपाशीपोटी नेला. आकडे देते.

वजन ७१.६. रक्तदाब १२८/८४. उपाशीपोटी साखर ११८. एचबीए१सी ६.०. ट्रायग्लिसराइड २६०. कमरेचा घेर लॅबमध्ये घेत नाहीत म्हणाले, म्हणून घरी आईच्या शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, आईनेच मोजला. ९४ सेंटिमीटर. आईने टेप गुंडाळला आणि तशीच खुर्चीवर बसून राहिली. म्हणाली, "माझं त्याला दिलं."

लॅबवाला म्हणाला, घाबरायचं कारण नाही, डायबेटिस नाहीय.

रानवारा | १६ मार्च

चला, म्हणजे सुटलात. १२६ च्या आत आहे. एचबीए१सी सुद्धा ६.५ च्या खाली.

निशिगंध | १७ मार्च

डायबेटिस नाही हे खरं. सुटलात हे खरं नाही. उपाशीपोटीची साखर शंभराच्या खाली असावी. १०० ते १२५ हा मधला पट्टा, आणि ११८ म्हणजे त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला. एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा तसाच मधला पट्टा, ६.० त्यात बसतो. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या पुढे कंबर गेली की धोका धरतात, तुमचं ९४. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत हवं, ते २६०. एकेक आकडा सुटा बघितला तर कुणीही "थोडं वर आहे" म्हणून सोडून देईल. सगळे एका २६ वर्षांच्या मुलात, पाच महिन्यांत, आईला डायबेटिस असताना, हे थोडं नाही.

शिवाय आपण गोव्यात राहतो. २०२३ साली देशभरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यात डायबेटिसचं प्रमाण सगळ्यांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे या मुलाला गोळी नसती तरी त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं.

एचबीए१सीबद्दल एक. ती साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. औषध नवं असताना साखर काही आठवड्यांतच झपाट्याने चढली तर सरासरी मागे राहते, आकडा चांगला दिसतो. अंगात रक्त कमी असेल तरीही ती फसवू शकते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत उपाशीपोटीची साखर हवीच. वर्षातून एकदा एचबीए१सी हे स्थिर झालेल्या माणसाचं गणित आहे.

आईंना सांगा की त्यांनी काही दिलं नाही. उलट त्यांच्यामुळे घरात कुणालातरी ही तपासणी वाचता येते.

मयेकाठ | १७ मार्च

मी डिचोली तालुक्यात लहानसा दवाखाना चालवतो. निशिगंध सिस्टरांनी बहुतेक सगळं सांगितलं. मला थोडी आमची, म्हणजे डॉक्टरांची, बाजू सांगायची आहे, कारण चूक तिथे आहे.

मानसोपचार करणाऱ्याला वाटतं की साखर-वजन हे फिजिशियनचं काम. फिजिशियनकडे असा रुग्ण गेला की तो फाइल बघतो आणि "ह्या गोळ्या आमच्या नव्हेत, तिकडेच विचारा" म्हणून परत पाठवतो. मीही सुरुवातीला असं केलंय. माझ्या एका रुग्णाला दोन वर्षं ओलान्झापिन चालू होतं, मी त्याचा खोकला बघायचो, ताप बघायचो, पण साखर कधी केली नाही. एक दिवस तो आला तो पाय सुजून, जखम भरत नाही म्हणून. साखर ३४० निघाली. दोन वर्षं तो दर दोन महिन्यांनी माझ्यासमोर बसत होता. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या बाजूला काटा आहे, आणि असं औषध चालू असलेला माणूस खोकल्यासाठी आला तरी आधी काट्यावर.

गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं लवकर जातात. लोकांना वाटतं आत्महत्येमुळे. त्याचा वाटा आहेच, पण त्यातले जास्त मृत्यू हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांनी होतात. दोष एकट्या गोळीचा नाही. विडी-सिगारेट, आजारपणातलं बसून राहणं, गरिबी, आणि आमच्यासारख्यांनी न तपासणं, सगळंच त्यात आलं.

अबोली, आता तुमच्या भावाचं. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तीन रस्ते असतील. गोळी बदलणं, डोस कमी करणं, किंवा तीच गोळी ठेवून जोडीला मेटफॉर्मिन देणं. पहिला झटका येऊन पाचच महिने झालेत आणि मुलगा कामावर परतलाय, अशा वेळी डोसला हात लावायला मी तरी कचरेन. बदलायचं ठरलं तर एक हळूहळू उतरवत दुसरी चढवावी लागते, आणि त्या आठवड्यांत घरच्यांचं लक्ष हवं. मेटफॉर्मिन हे तुमच्या आईच्या ओळखीचं औषध. ५०० मिलिग्रामपासून, जेवणाबरोबर, हळूहळू वाढवत. आधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघायचं. पहिले काही दिवस मळमळ, पोट ढिलं होऊ शकतं. त्याने वजन जादूसारखं उतरत नाही, सरासरी तीनेक किलोंचा फरक. पण चढण थांबते, साखरेलाही आधार मिळतो. दारू पिणाऱ्याला मात्र ते देताना मी फार सावध असतो, आणि आपल्याकडे हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

माझं स्वतःचं मत असं की घरात डायबेटिस असेल आणि ओलान्झापिनच द्यायचं असेल, तर मेटफॉर्मिन पहिल्या दिवसापासूनच द्यावं.

निशिगंध | १७ मार्च

डॉक्टर, इथे माझं तुमच्याशी जुळत नाही. ज्याला आजारच अजून मान्य नाही त्याच्या हातात पहिल्याच दिवशी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या की तो दोन्ही टाकतो. मी गादीखाली सापडलेल्या गोळ्या मोजल्या आहेत. पहिला महिना काटा नीट बघावा, तीन टक्के, पाच टक्के चढताच सुरू करावं.

मयेकाठ | १७ मार्च

सिस्टर, काटा नीट बघणारा कुणी असेल तर तुमचं पटतं. बघणारा नसतो, म्हणूनच मी आधी द्या म्हणतो. हल्ली परदेशातल्या मार्गदर्शक सूचनाही लवकर देण्याकडे झुकतायत. पण गादीखालच्या गोळ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

एक धोक्याची खूण सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. अचानक खूप तहान, रात्री वारंवार लघवी, आणि वाढलेलं वजन आपोआप घसरायला लागलं तर खुश होऊ नका. साखर फार चढल्याचं ते लक्षण असू शकतं. त्यात उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास किंवा गुंगी आली तर ओपीडीच्या तारखेची वाट बघायची नाही, तडक तातडीच्या विभागात, म्हापसा, मडगाव, बांबोळी जे जवळ असेल तिथे. आणि तिथल्या डॉक्टरांना ओलान्झापिन चालू आहे हे आधी सांगायचं. मानसिक रुग्ण म्हटलं की उलटी-गुंगीलाही कधीकधी "आजार उसळला" समजतात आणि साखर बघायला उशीर होतो.

माडाखाली | १८ मार्च

हे वाचून काल भावाला काट्यावर उभा केला. ८३. पंधरा वर्षांपूर्वी किती होतं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. त्याला हल्ली रिस्पेरिडोन चालू आहे. त्यात पण बघायचं का?

निशिगंध | १८ मार्च

बघायचं. ओलान्झापिनएवढं नाही, पण रिस्पेरिडोननेही वाढतं. आजचा ८३ हाच पहिला आकडा धरा, तारीख टाकून लिहून ठेवा. पंधरा वर्षांचा आकडा नाही म्हणून आज सुरुवात करायची नाही असं नाही. काटा तोच, सकाळी, लघवी करून आल्यावर, साधारण तेच कपडे. साखर आणि ट्रायग्लिसराइड याच आठवड्यात करून घ्या.

अबोली | २ एप्रिल

काल ओपीडीला जाऊन आलो. इथे सगळ्यांनी सांगितलेलं मी एका पानावर लिहून नेलं होतं. वर सप्टेंबरचं ५८, खाली फार्मसीचं ७१, लॅबचं ७१.६, मग बाकीचे आकडे, आणि शेवटी "आईला डायबेटिस". भाषण करायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त पान पुढे ठेवलं.

डॉक्टरांनी पान वाचलं, पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघून विचारलं, "रात्री उठून खातोस का?" तो हो म्हणाला. मग त्यांनी कोपऱ्यातला फायलींचा गठ्ठा स्वतः उचलून खाली ठेवला. ७१.९.

गोळी बदलण्याचा पर्याय त्यांनी समोर ठेवला. बदलताना आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो हेही सांगितलं. माझ्या मनातून बदलावी असं होतं, खरं सांगते. पण भाऊ म्हणाला, "मला ते आवाज परत नकोत. वजनाचं आपण बघू." डॉक्टरांनी ते मानलं. क्रिएटिनिन करून आणायला सांगितलं, ते ठीक आलं, आणि मेटफॉर्मिन ५०० रात्रीच्या जेवणाबरोबर सुरू झालं, दोन आठवड्यांनी सकाळीही. ओलान्झापिन झोपताना घ्यायचा तो आता जेवणाच्या थोडं आधी घेतो, म्हणजे भुकेचा जोर झोपायच्या वेळी न येता जेवणाच्याच वेळी येतो.

घरात आम्ही एकच केलं. रात्रीसाठी आई झाकून एक वाटी ठेवते, काकडी नाहीतर उकडलेले चणे. तो उठला तर लपून खायला नको, त्याचं म्हणून ठेवलेलं असतं.

सांजवेळ | २ एप्रिल

वाटीचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे फ्रिजला कुलूप लावलं होतं.

मयेकाठ | ३ एप्रिल

गोळीची वेळ बदलल्याचं डॉक्टरांना विचारूनच केलंत ना? हरकत नसते, पण सायंकाळी लवकर झोप येते, आणि दुचाकी चालवत घरी येणारा असेल तर ती घरी पोचल्यावरच घ्यायला हवी.

अबोली | ३ एप्रिल

हो, विचारून. तो कारखान्याच्या बसने येतो.

केळशीची माई | ९ एप्रिल

मी फक्त वाचत होते. माझ्या यजमानांना झोप लागत नाही म्हणून क्वेटियापिन २५ देतात, वय ६८. त्यांना मानसिक आजार नाहीय. आमच्यासारख्यांनी पण हे सगळं करायचं का?

मयेकाठ | ९ एप्रिल

माई, एवढ्या लहान डोसने धोका बराच कमी, पण नाहीच असं म्हणता येणार नाही, काहींचं वजन त्यावरही वाढतं. वजन महिन्याला आणि साखर वर्षाला, या वयात ती करायला हवीच. ही गोळी किती दिवस घ्यायची हा प्रश्न मात्र देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. नुसत्या झोपेसाठी ती वर्षानुवर्षं चालू ठेवावी यावर आम्हा डॉक्टरांमध्येही एकमत नाही.

अबोली | १८ मे

सहा आठवड्यांनी. वजन ७०.२. उपाशीपोटी साखर १०६. कंबर ९२.५. ट्रायग्लिसराइड अजून २१०, ते तीन महिन्यांनी पुन्हा करायचंय. पहिले पाच-सहा दिवस पोट बिघडलं होतं, मग बसलं. कोल्ड्रिंक पूर्ण सुटलेलं नाही, कामावर एक होतंच, असं तो स्वतःच सांगतो. रात्रीचं उठणं कमी झालंय, बंद नाही. गोळी बदलायची की नाही हे वर्ष झाल्यावर पुन्हा बोलू असं डॉक्टर म्हणालेत. मला अजूनही वाटतं की बदलावी. त्याला वाटत नाही.

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने त्याने एक कागद चिकटवलाय. दर रविवारची तारीख आणि त्यापुढे वजन, त्याच्याच अक्षरात. सगळ्यांत वर त्याने सप्टेंबरचं ५८ लिहून ठेवलंय आणि खाली आईसाठीही एक रकाना आखलाय. आईने गेल्या दोन रविवारी त्यात आपली साखर लिहिली.

मागच्या भेटीत ओपीडीतल्या काट्यावर फायली पुन्हा होत्या. त्याने न विचारता त्या उचलून बाकावर ठेवल्या आणि काट्यावर चढला. आमच्या मागे रांगेत एक काकू मुलीला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "आमचं पण करतात का?" मी म्हटलं, फायली खालीच आहेत, चढवा तिला.